पाहुण्यांच्या खोल्या, रात्रींचा हिशेब

सोलापुरात आमच्या पुतण्याचा निकाह ठरला, तेव्हा मुलीकडच्यांनी आमच्या पाहुण्यांची राहण्याची सोयही करू, असे म्हटले. आम्ही नको म्हणालो. पाहुणे आमचे, तर खोल्यांचा खर्चही आमचा. मुलीच्या बापावर तो कशाला?

मुंबईहून सव्वीस जण यायचे होते. निकाह रविवारी जोहरनंतर, वलीमा सोमवारी दुपारी. वरवर पाहता मुक्काम एका रात्रीचा. पण सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरला पहाटे-सकाळी पोहोचते आणि परतीची सुटते रात्री. लॉजचा दिवस मात्र दुपारी बाराला सुरू होतो आणि बारालाच संपतो. म्हणजे सकाळी सातला खोली हवी तर शनिवारची रात्रही धरायची, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत ठेवायची तर सोमवारचीही. नऊ खोल्यांच्या तीन रात्री म्हणजे सत्तावीस भाडी! दीड हजाराप्रमाणे साडेचाळीस हजार.

आम्ही शनिवारसाठी तीनच खोल्या घेतल्या. बायकांना दोन, पुरुषांना एक. आंघोळ, कपडे बदलणे तेवढ्यात झाले. रविवारी नऊ, आणि सोमवारी पुन्हा तीन, सामान ठेवायला आणि टेकायला. पंधरा भाड्यांत, साडेबावीस हजारांत भागले. (काही लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असतो, तो आधी विचारावा, गणित बदलते.)

आठ खोल्यांत जादा गादी टाकून तिघे-तिघे, नवव्या खोलीत दोघेच. ती फुफीजान आणि फुफाजानना. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला आणि कमोड पाहून घेतला. बाकी वाटणी नात्याने केली: मियाँ-बीवी-मुले एकत्र, एकटे आलेले पुरुष एकत्र, खाला आणि त्यांच्या दोन्ही नणंदा एकत्र. लांबच्या नात्यातल्या दोन कुटुंबांना एका खोलीत घालू नये. परद्याची अडचण होते आणि बायका रात्रभर ओढणी सावरत बसतात. जादा गादीचे पैसे वेगळे लागतात का, हेही भाव ठरवतानाच विचारावे, बरेचदा लागतात.

राहिला प्रश्न कोण काय देणार याचा. भाडे, सकाळचा चहा-नाश्ता, स्टेशनवरून रिक्षा आमच्याकडे. रेल्वेचे तिकीट, खोलीवर मागवलेले खाणे, धुलाई आणि अक्कलकोट-विजापूर पाहायला वाढवलेला दिवस ज्याचा त्याचा.

मोठे मामू नाराज झाले. “पाहुण्यांना असं सांगतात का बेटा?”

“मामू, काउंटरवर बिल हातात पडल्यावर कळण्यापेक्षा बरं.”

फोनवर दावत देतानाच आम्ही सांगत गेलो: “रविवारची रात्र आमच्याकडे आहे, पुढे थांबायचं असेल तर खोली सांगून ठेवतो.” एका चुलतभावाने दोन दिवस वाढवले. त्याची खोली मंगळवारपासून त्याच्या नावावर लिहायला लावली आणि मॅनेजरला बजावले की खोलीवरच्या जेवणाचे बिल तिथल्या तिथे घ्या, आमच्या खात्यात मांडू नका. जाताना त्याने स्वतःच पैसे भरले, आणि आमच्या घरी चहाला येऊन गेला.