सैनिकाच्या बायकोने रजेचा अर्ज कसा लिहावा?

मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्यसेविका ताईंचा नवरा लष्करात आहे. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतोय, त्यातले तीन-चार येण्याजाण्यातच जाणार. ताईंचा अर्ज मात्र परत आला. लिहिलं होतं, 'घरगुती कारणास्तव रजा मिळावी.'

मंडळी, १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही. मग नकार द्यायला सोपा जाईल असा अर्ज द्यायचाच कशाला?

आम्ही नवा लिहिला. कारण सरळ लिहिलं: पती सैन्यात, सुट्टी या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. रजा अर्जित मागितली. किरकोळ रजा वर्षाला आठच, ती मुलांच्या आजारपणाला राहू दे. लसीकरणाच्या दिवशी कोण बसणार, त्या सहकारी ताईंची संमतीची सही घेतली. पतीचं रजा प्रमाणपत्र युनिट सोडताना हातात पडतं, म्हणून 'प्रत नंतर सादर करते' असं नमूद केलं.

शेवटची ओळ महत्त्वाची: 'पतीची सुट्टी पुढे गेल्यास माझ्याही तारखा बदलून मिळाव्यात.' कारण फौजेतली सुट्टी ऐनवेळी सरकते, आणि इकडे मंजूर झालेली रजा नवऱ्याविनाच संपते.

शहापूर-मुरबाडच्या भगिनींनो, अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी 'बघू' म्हणजे मंजुरी नव्हे.