वीस मिनिटांचा रोजमेळ

शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. प्रत्येकात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे; म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. हा हिशेब ध्यानी आला की पालक मुलाला रोज दोन तास प्रश्नसंचापुढे बसवू लागतात. कापडाचे दुकान सांभाळणाऱ्या एका आईने मात्र मुलासाठी रोजची वीस मिनिटेच ठरविली. त्यांत प्रश्नांचा एकच प्रकार घ्यावयाचा आणि घड्याळ लावावयाचे नाही.

पहिली सहा मिनिटे खेळाची, पुढील दहा मिनिटे सहा प्रश्नांची. उरलेल्या चार मिनिटांत मुलगा गुरुजी होई व आई विद्यार्थिनी.

बुद्धिमत्ता चाचणीतील आरशातील प्रतिमेचा आठवडा आला तेव्हा तिने मुलाच्या हाती आरसा दिला आणि आजोबांचे जुने घड्याळ समोर ठेवले. काटे तीन चाळीसवर होते. आरशात आठ वीस दिसले. चार-पाच वेळा काटे फिरविल्यावर मुलगाच म्हणाला, “आई, दोन्ही वेळांची बेरीज दर वेळी बाराच येते!” अकरा साठमधून वेळ वजा करण्याची युक्ती पुस्तकात आयती होती, पण त्याला ती स्वतः सापडली.

चौथ्या दिवशी तिने सहा प्रश्नांत पाण्यातील प्रतिमेचा एक प्रश्न मिसळला. मुलाने तेथेही वजाबाकीच केली. तेव्हा तिने आरसा घड्याळाखाली आडवा धरला. आठवर असलेला मिनिटकाटा मघाशी चारवर दिसत होता, तो आता दहावर दिसला. शेजारच्या आरशात डावे-उजवे बदलते, खालच्या पाण्यात वर-खाली बदलते, हे मुलाने चटकन ओळखले.

चुकलेले प्रश्न ती एका वहीत रोजमेळासारखे उतरवून घेई. तिचे तीन रकाने होते : समजले नाही, नीट वाचले नाही, घाई झाली. दर चुकीचा रकाना मुलगाच ठरवी. पाण्याचा प्रश्न त्याने दुसऱ्या रकान्यात लिहिला. त्या रकान्याला नव्या सरावाची गरज नसते. प्रश्नातील मुख्य शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय पुरते. पहिल्या रकान्यातील प्रकार मात्र तीन दिवसांनी पुन्हा खेळापासून घेतला जाई. गुरुजी झालेला मुलगा कारण न सांगता केवळ उत्तर सांगू लागला, तर तो प्रकार अजून कच्चा आहे, असे ती समजे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. वीस मिनिटांच्या बैठकीतून ९० मिनिटे बसण्याचा दम येत नाही. म्हणून परीक्षेपूर्वीचे दोन महिने दर रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे पेनाने भरून सोडविला जाई. त्या दिवशी वीस मिनिटांच्या बैठकीला सुट्टी असे. सोमवारी चुका वहीत उतरत आणि त्यांतूनच आठवड्याचा पुढचा प्रकार ठरे.