खालच्या दिशेचा धर्म

इतिहासाच्या तासाला ‘धर्म’ हा शब्द आला की मुलांना प्रथम आठवतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील रकाना. गेली अनेक वर्षे आम्हाला हाच अनुभव येत आहे आणि त्यात मुलांचा दोष नाही, कारण आजच्या व्यवहारात हा शब्द बहुधा त्याच अर्थाने कानी पडतो. परंतु त्याच मराठीत आपण शेजारधर्म म्हणतो, अतिथिधर्म म्हणतो, एखाद्याच्या मदतीला धावून गेलो तर ‘तो आमचा धर्मच होता’ असेही म्हणतो. तेथे रकान्याचा काही संबंध नसतो. तेथे कर्तव्य आणि योग्य आचरण हाच अर्थ अभिप्रेत असतो. हा शब्द ‘धृ’ म्हणजे धारण करणे, तोलून धरणे, या धातूपासून आला. माणसांचे एकत्र जगणे ज्याच्या आधाराने टिकते तो धर्म. पाली भाषेत त्याचेच रूप ‘धम्म’ असे झाले.

एवढे सांगितले की मुले माना डोलावतात. खरी अडचण पुढच्या प्रश्नापाशी येते. कर्तव्य म्हणायचे, तर कोणाचे? कोणाप्रती? आणि ते कशावरून ठरवायचे? भारतीय विचारात या प्रश्नाला एकच उत्तर मिळालेले नाही. त्यांपैकी दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली, तर नवख्या वाचकालाही या शब्दात दडलेला सारा वाद समजू शकतो, असे आम्हाला वाटते.

पहिले उत्तर मनुस्मृतीचे. तिच्या पहिल्या अध्यायात चार वर्णांची कामे वेगवेगळी सांगितली आहेत. ब्राह्मणाला अध्ययन, अध्यापन, यज्ञ, दान इत्यादी. क्षत्रियाला प्रजेचे रक्षण. वैश्याला पशुपालन, व्यापार, शेती. आणि शूद्राला एकच काम, ते म्हणजे वरच्या तिघांची कुरकुर न करता सेवा. अहिंसा, सत्य, चोरी न करणे, शुचिता आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म होय, असेही हाच ग्रंथ दहाव्या अध्यायात सांगतो. ते सोडून देणे अभ्यासकाला शोभणार नाही. मात्र माणसाने दिवसभर काय करायचे, हे त्या समान धर्मावरून ठरत नाही. ते जन्मावरून ठरते.

सेवा करणाऱ्याला मोबदला काय? त्याचाही विचार दहाव्या अध्यायात आहे. सेवकाचे सामर्थ्य, त्याचे कौशल्य आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून त्याची उपजीविका ठरवावी, असे तेथे म्हटले आहे. हे वाचताना क्षणभर बरे वाटते. परंतु लगेच पुढच्या श्लोकात त्याला काय द्यावे ते येते : उष्टे अन्न आणि जुनी झालेली वस्त्रे.

हा श्लोक आम्ही एम. ए.च्या अभ्यासात वाचला, तेव्हा तो आम्हाला नवा नव्हता. आमची आई एका मोठ्या घरी भांडी घासायला जात असे. संध्याकाळी परतताना तिच्या हातातील डब्यात त्या घरी उरलेले असे. सणाची पुरणपोळी आमच्या घरी सणाच्या दुसऱ्या दिवशी येई. आम्हा भावंडांना त्या डब्याची वाट पाहण्याची सवय होती, आणि आई मात्र तो उघडताना आमच्याकडे पाहत नसे. त्या घरची माणसे दुष्ट नव्हती, हेही सांगितले पाहिजे. उरलेले देणे म्हणजे आपला धर्म पाळणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. चुकीच्या ठिकाणी बसवलेला धर्म चांगल्या माणसांच्या हातूनही काय करवतो, हे आम्ही त्या डब्यावरून शिकलो.

दुसरे उत्तर पाली त्रिपिटकातील दीघ निकायात आहे. त्या सुत्ताचे नाव सिगालोवाद सुत्त. त्यातील प्रसंग राजगृहाजवळच्या वेळुवनाच्या परिसरातील आहे. सिगाल नावाचा गृहस्थाचा तरुण मुलगा पहाटे उठून, ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत असतो. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर. भिक्षेसाठी निघालेले तथागत त्याला कारण विचारतात. तो सांगतो की वडिलांनी मरताना तसे करायला सांगितले होते. वडिलांचा शब्द म्हणून तो करतो. अर्थ त्याला ठाऊक नाही.

तथागत त्याची थट्टा करीत नाहीत आणि दिशांना नमस्कार करू नकोस असेही म्हणत नाहीत. ते दिशांचा अर्थच बदलतात. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे दास व कामगार, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण व ब्राह्मण. नमस्कार करायचा तो या माणसांना, आणि तो हात जोडून नव्हे, तर आचरणाने करायचा.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की कर्तव्य जन्मावरून ठरलेले नाही, नात्यावरून ठरलेले आहे. एकच माणूस एका दिशेला मुलगा असतो, दुसरीकडे शिष्य, तिसरीकडे पती आणि चौथीकडे मालक. नाते बदलले की कर्तव्य बदलते. दुसरी ही की प्रत्येक दिशेला जाणारी आणि येणारी अशा कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. शिष्याने आचार्यांसाठी पाच गोष्टी करायच्या, तशा आचार्यांनीही शिष्यासाठी पाच करायच्या. त्यांत चांगले वळण लावणे आणि आपल्याजवळची विद्या राखून न ठेवता देणे हेही येते. एका बाजूची कर्तव्ये आणि दुसऱ्या बाजूचे नुसते अधिकार, अशी मांडणी कोठेही नाही.

आता खालची दिशा सविस्तर पाहू, कारण आईचा डबा त्याच दिशेचा होता. मालकाने कामगारासाठी करायच्या पाच गोष्टी अशा : त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, घरात काही विशेष चविष्ट पदार्थ झाला तर त्यात त्याला वाटा द्यावा, आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. चौथी गोष्ट पुन्हा वाचावी. मनुस्मृतीत उष्टे आहे, सुत्तात वाटा आहे. अन्न दोन्हीकडे दिलेच जाते. उरल्यानंतर दिले की आधी वाटून दिले, एवढाच फरक, आणि त्या फरकात दुसऱ्या माणसाची सारी प्रतिष्ठा सामावलेली आहे.

कामगाराच्या बाजूनेही पाच गोष्टी आहेत : मालकाआधी उठणे, त्याच्यानंतर झोपणे, दिलेले तेवढेच घेणे, काम नीट करणे आणि त्याचे नाव चांगले राखणे. मूळ पाली वाचताना आमचे लक्ष क्रियापदांकडे गेले. शिष्याने आचार्यांची सेवा करावी, असे सांगताना जे क्रियापद येते, तेच क्रियापद मालकाने कामगारांशी कसे वागावे हे सांगताना येते. आणि आचार्य शिष्यावर अनुकंपा करतात, असे म्हणताना जे क्रियापद येते, तेच ‘कामगार मालकावर अनुकंपा करतात’ असे म्हणताना योजले आहे. आपल्या सवयीच्या भाषेत अनुकंपा वरून खाली येते; येथे ती खालून वर जाते. शिवाय खालच्या दिशेची यादी मालकाच्या कर्तव्यांनी सुरू होते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने आधी आपला भाग करायचा आहे.

हा विचार पोथीतच राहिला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या नवव्या शिलालेखात जवळजवळ सिगालाचाच विषय घेतला आहे. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात आणि त्यांचे फळ अल्प असते, असे सांगून तो धम्ममंगल कोणते ते मोजतो. त्या यादीत पहिले नाव दास आणि नोकर यांच्याशी योग्य वर्तनाचे आहे. गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान हे त्यानंतर येते. या लेखाचा एक खंड आपल्या सोपाऱ्याजवळ सापडला असून तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी त्यापुढे थोडा वेळ थांबावे, असे आम्ही नेहमी सांगतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. सुत्ताने आणि अशोकाने दासांशी नीट वागा असे सांगितले. दास ही स्थितीच नसावी, असे या लेखनात म्हटलेले नाही. मालक आपला भाग करीत नसेल तर कामगाराने काय करावे, याचेही उत्तर त्या यादीत नाही. ते उत्तर पुढे कायद्याने आणि संघटनेने द्यावे लागले. बाबासाहेबांनी १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन घडवले, स्वातंत्र्यापूर्वी मजूरमंत्री म्हणून कामगारांचे कायदे हाती घेतले, आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात मालक आणि सेवक यांचे प्रकरणही ठेवले. जन्मावर आधारलेले कर्तव्य नाकारणे, हक्काला कायद्याचे बळ देणे आणि नात्यातील कर्तव्य जपणे, ही तिन्ही कामे एकाच जीवनात झालेली दिसतात.

वाचकांनी हे आपल्या घरी किंवा आपल्या संस्थेत पडताळून पाहावे. समजा, एखाद्या वसतिगृहात स्वयंपाकाला एक बाई आहेत. साठ मुलांच्या भाकरी त्यांना एकटीला थापाव्या लागतात का? पगार ठरल्या तारखेला मिळतो का? ताप आला तर त्या दिवशीचा पगार कापला जातो का? भीमजयंतीच्या दिवशी त्या सर्वांसोबत पंक्तीला बसतात, की पातेल्याच्या तळाचे घरी नेतात? सायंकाळी त्यांची वेळ झाली की त्यांना जाता येते का? हे पाचही प्रश्न सुत्तातलेच आहेत.

पाच प्रश्न लक्षात राहिले नाहीत तर सुत्तानेच एक खूण दिली आहे. ज्या दिशेला कर्तव्य पाळले गेले ती दिशा सुरक्षित आणि निर्भय होते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून त्या बाईंकडे पाहावे. ‘आज मला बरे नाही’ हे वाक्य त्यांना न घाबरता उच्चारता येत असेल, तर त्या घराची खालची दिशा राखलेली आहे. ते उच्चारताना त्यांची जीभ अडखळत असेल, तर भिंतीवरील प्रतिमेपुढे कितीही मेणबत्त्या लावल्या तरी तेथे धम्म अजून पोहोचायचा आहे.