पिशवीआडचा चेहरा

चेहऱ्यावर पिशवी ओढून उभा असलेला माणूस ओळखायचा कशावरून? वॉल्ट केलीच्या ‘पोगो’ या अमेरिकन चित्रमालिकेत १९५४ साली असं एक पात्र उभं राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी ते उघड्या तोंडाने येऊन गेलं होतं. सिंपल जे. मालार्की नावाचं ते रानमांजर. दाट भुवया, दाढी वाढल्यासारखा काळवंडलेला जबडा आणि समोरच्याला दरडावणारी नजर. वाचकांनी त्याच्यात सिनेटर जोसेफ मॅकार्थीला तत्काळ ओळखलं होतं. मॅकार्थी तेव्हा ज्याच्या-त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटला होता आणि त्याच्या नुसत्या नावाने माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राने बजावलं की मालार्कीचा चेहरा पुन्हा दिसला तर मालिका बंद करू. केलीने चेहरा दाखवला नाही. त्याने दलदलीत एक कोंबडी आणली, ऱ्होड आयलंड रेड जातीची. आपल्याकडच्या कुक्कुटपालकांनाही ठाऊक असलेली ही जात, आणि प्रॉव्हिडन्स ही त्याच ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी. कोंबडी जवळ येताना दिसताच मालार्कीने डोक्यावर पिशवी ओढली आणि प्रॉव्हिडन्सच्या कुणाच्या नजरेला आपण पडता कामा नये, असं सांगून टाकलं.

मला हा प्रसंग चित्रमालिकांच्या साऱ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. चेहरा झाकला तरी पात्र उरतं, हे इथे एका चित्रकाराने संपादकाच्या डोळ्यांदेखत दाखवून दिलं. मग उरलेलं ते पात्र असतं कशात? जुन्या रद्दीत एखादी सुटी पट्टी हाती येते. तिच्यावर मालिकेचं नाव नसतं, सही फाटलेली असते, आणि चित्रातला प्राणी कोण ते कळत नाही. अशा वेळी मी चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ती त्याच्या पायाखालची जमीन, मग त्याच्या तोंडची अक्षरं आणि मग त्याची खोड.

जमीन सगळ्यात सोपी. ‘पोगो’ घडते ती ओकेफेनोकी नावाच्या खऱ्याखुऱ्या दलदलीत. जॉर्जिया राज्याच्या दक्षिण टोकाला, थोडी फ्लोरिडातही शिरलेली. केलीने तिथे संथ पाणी दाखवलं, बुंध्याशी फुगलेली झाडं, फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ, आणि बहुतेक वेळा एक सपाट तळाची होडी. होडीत पोगो नावाचा ऑपॉसम आणि सिगार ओढणारी मगर अल्बर्ट गळ टाकून बसलेले. चौकटींच्या मागे हे पाणी दिसलं की मालिका ओळखली, असं समजायला हरकत नाही. मात्र होडीवर लिहिलेल्या नावाच्या नादी लागू नये. नवखा वाचक तिथेच फसतो. ते नाव पात्राचं किंवा गावाचं असेल असं धरून तो शोधत बसतो. केली त्या होडीवर आपल्या मित्रांची, वर्तमानपत्रांची, कुणाकुणाची नावं घालायचा आणि ती सतत बदलायचा. तिथलं नाव केलीच्या ओळखीतल्या कुणाचा तरी मान असतो, कथेशी त्याचा संबंध नसतो.

जमिनीवरून मालिका कळली तरी पात्र कळत नाही. दलदलीत प्राणी शेकड्यांनी आहेत. इथे अक्षर कामाला येतं, आणि इथेच मला केलीच्या हाताचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. बहुतेक मालिकांत फुग्यांतलं अक्षर सगळ्यांना सारखंच असतं, स्वच्छ, सरळ, मोठ्या लिपीतलं. केलीने काही पात्रांना त्यांचं स्वतःचं अक्षर दिलं. डीकन मशरॅट हा चष्मा लावणारा, पाणउंदरासारखा मस्करॅट. तो धर्मोपदेशक. त्याचे फुगे जुन्या जर्मन बायबलांच्या छपाईतल्या जाड, टोकदार अक्षरात भरलेले असतात. आपल्याकडे कुणी बोरूने लिहिलेल्या पोथीच्या अक्षरात बोलायला लागलं तर कसं वाटेल, तसं ते वाटतं. शब्द वाचण्याआधीच उपदेशाचा भार डोळ्यांवर येतो. पी. टी. ब्रिजपोर्ट हे अस्वल तमाशे भरवणारं. त्याचं बोलणं म्हणजे सर्कशीचं जुनं पोस्टर. एक शब्द फुगलेला, दुसरा बारीक, तिसरा वेलबुट्टीचा. केलीचं लहानपण कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला गेलं, आणि सर्कसवाला पी. टी. बार्नम त्याच गावचा, एकेकाळचा तिथला महापौर. अस्वलाचं नाव आणि अक्षर दोन्ही तिथून आलं. सार्कोफॅगस मॅकॅब्र हे गिधाड प्रेतं पुरण्याचा धंदा करतं, म्हणून त्याचा फुगा गोल नसतो. तो काळ्या किनारीचा चौकोन असतो, शोकपत्रासारखा, आणि आतलं अक्षर वळणदार, शोकाला साजेसं. ग्रंडून नावाचं एक तान्हं बाळ आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या फुग्यात नुसती व्यंजनं, स्वरांचा पत्ता नाही.

या चौघांपैकी कुणाची पट्टी हाती आली तर त्यांचा चेहरा कापून टाकला असला तरी नाव सांगता येतं. आवाज कागदावर काढता येत नाही, तर निदान तो लिहायचा कसा, याचा केलीने असा विचार केला. तो १९३६ ते १९४१ पर्यंत डिस्नेच्या स्टुडिओत होता. हलत्या चित्रांतल्या पात्रांना आवाज असतो. वर्तमानपत्राच्या पट्टीत आल्यावर तो आवाज त्याने लेखणीतून परत मिळवला, असं मला कायम वाटत आलं आहे.

खोड ओळखायला मात्र एक पट्टी पुरत नाही. मालिका सवयीने वाचलेली असावी लागते. चर्ची ला फेम हे कासव तेरा तारखेला घाबरतं. तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ ही अमेरिकेतली रूढ समजूत, पण चर्चीला वाराशी कर्तव्य नाही. या महिन्यात तेरा तारखेचा शुक्रवार मंगळवारी आला म्हणून तो बोंब ठोकतो, पुढच्या महिन्यात तोच शुक्रवार गुरुवारी आला म्हणून. ही खोड पात्र तर सांगतेच, शिवाय पट्टीची तारीखही सांगून जाते. समजा, हाती आलेल्या सुट्या पट्टीत कासव मंगळवारचं नाव घेऊन घाबरलं आहे आणि मागच्या बाजूच्या बातमीवरून साल १९५३ निघतं. त्या वर्षी तेरा तारखेला मंगळवार दोनदाच आला, जानेवारीत आणि ऑक्टोबरमध्ये. मागच्या बातमीत थंडीच्या कपड्यांचा उतरत्या भावाचा सेल असेल तर जानेवारी म्हणावं. साल माहीत नसेल तर मात्र ही वाट बंद होते, कारण असा मंगळवार कोणत्याही वर्षी एक ते तीन वेळा येतोच. सणाची खोडही अशीच उपयोगी. पॉर्की नावाचं साळिंदर वर्षभर कुरकुरतं आणि नाताळात गुपचूप पोगोला एक फूल देऊन जातं. फूल दिसलं की डिसेंबर.

आता पिशवीतल्या त्या माणसाकडे परत येऊ. समजा, आपल्याला १९५३ चं काहीच ठाऊक नाही, एवढी एकच पट्टी समोर आहे. मागे दलदल आहे, म्हणजे मालिका ‘पोगो’. फुग्यातलं अक्षर साधं आहे, म्हणजे तो डीकन नव्हे, ब्रिजपोर्ट नव्हे, गिधाडही नव्हे. अक्षर इथे कुणाचं नाव देत नाही, फक्त काही नावं गाळून देतं. ही अक्षराची मर्यादा आहे आणि ती विसरता कामा नये. अंगावरून तो रानमांजर आहे, आणि खरी अडचण तिथे येते. दलदलीत मुळातच एक रानमांजर राहतं, वायली कॅट. मक्याच्या कणसाचा पाइप ओढणारं, मोडक्या खोपटात एकटं राहणारं, सगळे ज्याला वचकून असतात असं. मालार्की त्याचाच भाऊबंद म्हणून आला होता. पिशवी ओढली की पाइप नाही, भुवया नाहीत, जबडा नाही. अंगाने दोघे जवळपास एक.

निकाल लावते ती कोंबडी. वायली कॅटला प्रॉव्हिडन्सची भीती असण्याचं काही कारण नाही. त्या राज्याची कोंबडी बघून तोंड लपवायची पाळी दलदलीत एकाच प्राण्यावर आली होती, कारण चेहरा दाखवायला बंदी एकाच्याच चेहऱ्यावर होती. चेहरा झाकणं हीच त्याची खूण झाली. ज्या संपादकाला तो दिसू नये असं वाटत होतं, त्याच्याच आक्षेपाने तो ओळखू आला. त्याच वर्षी, १९५४ मध्ये, २ डिसेंबरला अमेरिकेच्या सिनेटने मॅकार्थीच्या निषेधाचा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला. केलीने हे चित्र काढलं तेव्हा तो ठराव अजून व्हायचा होता, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

या पद्धतीलाही तडे जातात. पुढे काही संपादक राजकारणाच्या पट्ट्या छापायला कचरू लागले, तेव्हा केली त्याच तारखांसाठी निरुपद्रवी पट्ट्याही काढून पाठवू लागला. त्यांत नुसते गोंडस ससे. म्हणजे एकाच दिवशी दोन गावांत दोन वेगळ्या ‘पोगो’ छापल्या गेल्या असतील. हाती आलेल्या पट्टीत नुसते ससे दिसले तर मूळ पात्रं शोधत बसू नये. ती दुसऱ्या गावच्या पेपरात आहेत. आणि भाषांतर झालं की अक्षराची खूण पुसली जाते. फुगे खरवडून नव्या लिपीत भरणारा कारागीर सगळ्यांना एकच अक्षर देतो, आणि डीकनचा उपदेश व गिधाडाचा शोक एका आवाजात बोलू लागतात. कुणी ही मालिका मराठीत आणायचं मनावर घेतलंच, तर अक्षरलेखकाला भाषांतरकाराइतकंच मानधन द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

केली १९७३ मध्ये गेला. मालिका त्याच्यामागे घरच्यांनी आणि सहायकांनी चालवली आणि १९७५ मध्ये ती थांबली. जुन्या पट्ट्या अजून रद्दीत, वह्यांत चिकटवलेल्या, पुस्तकांच्या पानांत दडवलेल्या सापडतात. ‘पोगो’च्या, आणि आपल्या ‘चिंटू’च्याही. त्या जपणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पट्टी चौकटींच्या रेषेला लागून कापू नका. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीत आणि कडेच्या बारीक अक्षरांत बऱ्याचदा तारीख आणि वितरणसंस्थेचं नाव असतं. आणि मागची बाजू वहीला चिकटवून टाकू नका, तिथली अर्धी बातमीही कामाची असते.