तीन मसुदे, एक आभार

व्यावहारिक मराठीत पत्रलेखनाचा विचार करताना आपण मायना, विषय आणि समारोप यांची चर्चा करतो. एकाच कारणासाठी लिहिलेले तीन मसुदे समोर असताना त्यांतून एक कसा निवडावा, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. शिर्डीत राहून मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे असा प्रश्न केव्हातरी येतोच. माझ्याकडे तो रामनवमीच्या दिवसांत आला.

रामनवमीला ठिकठिकाणांहून पालख्या घेऊन पदयात्री शिर्डीस येतात. मुंबईकडून येणारे बहुतेक कसारा घाट चढून घोटी आणि सिन्नर यांवरून येतात. अशाच एका मंडळातील सदतीस जणांना वावीच्या पुढे संध्याकाळी अवकाळी पावसाने गाठले. शिर्डी अजून दूर होती. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याने त्यांना अंगणात घेतले आणि डोक्यावर ताडपत्री बांधून दिली. सकाळी निघताना मंडळींना दिसले, की ती ताडपत्री त्याच्या कांद्याच्या ढिगावरची होती. उन्हाळी कांदा नुकताच काढलेला होता. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. भाव असो वा नसो, तो लगेच विकावा लागतो. शेतकरी याविषयी एक शब्द बोलला नाही आणि पुढे केलेले पैसेही त्याने घेतले नाहीत. उरले ते फक्त पत्र. मंडळातील तिघांनी तीन मसुदे लिहिले आणि कोणता पाठवावा, हे ठरवण्यासाठी ते माझ्याकडे आणले.

पहिला मसुदा खजिनदारांचा होता : ‘रामनवमी पदयात्रेप्रसंगी आपण आमच्या मंडळास केलेल्या मोलाच्या सहकार्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. असेच सहकार्य यापुढेही लाभावे, ही विनंती.’

दुसरा मसुदा एका महाविद्यालयीन तरुणाचा, दीड पानाचा होता. त्याची सुरुवात काळवंडलेल्या आकाशापासून होती. पुढे विजा, मुलांचे रडणे, मनातील भीती. मग शेतकऱ्याला देवदूताची उपमा. ‘शब्द अपुरे पडतात’ हे दोनदा. आणि ‘आमच्यामुळे आपले नुकसान झाले’ हे तीनदा.

तिसरा मसुदा मंडळाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईंचा होता : ‘दादा, सप्रेम नमस्कार. त्या रात्री पावसात तुम्ही आम्हां सदतीस जणांना अंगणात घेतलंत. कांद्यावरची ताडपत्री काढून आमच्यावर बांधलीत, हे आम्हांला सकाळी ढीग पाहिल्यावर कळलं. तुम्ही ते बोलून दाखवलं नाहीत, पण आम्ही ते विसरणार नाही. आजींनी मध्यरात्रीपर्यंत चूल विझू दिली नाही. लहान मुलं कोरडी झोपली. आम्ही सगळे सुखरूप शिर्डीला पोहोचलो. काही लागलं तर नक्की कळवा. लोभ असावा.’

आता स्पष्टता पाहू. तिची एक सोपी कसोटी आहे. त्या रात्री तेथे नसलेल्या माणसाला पत्र वाचायला द्यावे आणि विचारावे : कोणी, कोणाचे, नेमके कशाबद्दल आभार मानले? मी तिन्ही मसुदे शेजारच्या गृहस्थांना दिले. पहिला वाचून ते म्हणाले, “वर्गणी दिली असावी.” पत्र दोनच वाक्यांचे असल्याने ते स्पष्ट असेल असे आपल्याला वाटते, पण ‘सहकार्य’ हा शब्द वर्गणीलाही चालतो, पाण्याच्या टँकरलाही आणि मंडपालाही. आखूड वाक्य आणि स्पष्ट वाक्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यातून पाऊस कळला, आसरा कळला. पण ताडपत्री कुठून आली, हे शेवटपर्यंत कळले नाही, म्हणून ‘नुकसान’ कसले, हेही कळले नाही. तिसऱ्याबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही.

जिव्हाळा मोजणे अवघड वाटते, कारण आपण तो विशेषणांत शोधतो. माझी कसोटी अशी : पत्रावरील नाव बदलून ते दुसऱ्या कोणाला पाठवता येते का? ‘देवदूत’ हा शब्द रुग्णवाहिकेच्या चालकालाही लागू पडतो. ‘कांद्यावरची ताडपत्री’ ही या एकाच घराची आहे. देणाऱ्याने स्वतःचे काय बाजूला ठेवले, हे घेणाऱ्याने पाहिले होते, एवढे पत्रातून कळले की जिव्हाळा आपोआप येतो. ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’, ‘महोदय’ऐवजी ‘दादा’ हेही त्या अंगणाला साजेसे आहे.

येथे एक धोका आहे. ‘आभार’ या शब्दातच भार आहे. तो देणाऱ्याच्या अंगावर टाकला जाऊ नये. दुसऱ्या मसुद्यात नुकसानीचा उल्लेख तीनदा येतो, तेव्हा आभाराची क्षमायाचना होते आणि ‘छे, छे, काही झालं नाही’ असे म्हणून समजूत काढण्याचे काम त्या शेतकऱ्यावरच पडते. तिसऱ्यात कांदा एकदाच येतो आणि पत्र पुढे आजींच्या चुलीकडे वळते. पहिल्याचा दोष उलट आहे. त्याचे दुसरे वाक्य आभार मानता मानता पुढची मागणी करते.

लांबी मी शेवटी पाहतो आणि शब्द मोजत नाही. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारतो : हे गाळले तर वाचणाऱ्याचे काय हरवेल? दुसऱ्या मसुद्यातील आकाश, विजा आणि भीती ही लिहिणाऱ्याची आहेत. शेतकऱ्याने तो पाऊस स्वतः पाहिला होता. तेवढे गाळल्यावर दीड पानातून पाच वाक्ये उरली. पहिल्यात गाळण्यासारखे थोडेच होते, पण जे राहायला हवे ते मुळातच नव्हते. तिसऱ्यात एकच वाक्य सैल निघाले : ‘काही लागलं तर नक्की कळवा.’ ज्याने पैसे नाकारले, तो काही कळवणार नाही, हे लिहिणारीलाही ठाऊक होते. बाईंना विचारून ते वाक्य काढले.

या कसोट्यांना दहा-दहा गुण देऊन बेरीज करण्याचा मोह तुम्हांला होईल. तो टाळावा. तसे केल्यास पहिला मसुदा केवळ आखूडपणाचे पूर्ण गुण मिळवून दुसऱ्याच्या बरोबरीला येऊ शकतो. स्पष्टता हा उंबरठा आहे. तो न ओलांडणारे पत्र पुढे तपासायचेच नाही. उंबरठा ओलांडलेल्यांत निवड जिव्हाळ्याने करावी आणि निवडलेल्या पत्राला लांबीची कात्री लावावी. हा क्रम उलटला, तर आपण आधी छोटे पत्र निवडतो आणि मग त्यात ऊब शोधत बसतो.

शेवटी मंडळींनी विचारले, “दुसऱ्यातलं एक वाक्य तिसऱ्यात घालू का?” ते वाक्य खरोखर सुंदर होते. ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज एक छोटी मुलगी अजून तोंडाने काढून दाखवते, असे त्यात होते. मी नको म्हटले. बाईंच्या साध्या बोलीत ते वाक्य पाहुण्यासारखे अवघडून बसले असते आणि जोड दिसला असता. त्या तरुणाला मी सुचवले, की तेवढे एकच वाक्य वेगळ्या पोस्टकार्डावर, स्वतःच्या नावाने पाठव. ते त्याचे आभार होते. मंडळाचे आभार बाईंनी मानले होते.