काचपट्टीवरचं देणं

ब्रह्मपुरीकडच्या पोरी पोलीस भरतीसाठी पहाटेच मैदानावर येतात. महिलांच्या मैदानी चाचणीत आठशे मीटर धावण्याला 20 गुण असतात. मीही त्यांच्यातलीच होते, आणि त्या गुणांसाठी मी त्या वेळी जेवण फार कमी केलं होतं. आमचं घर माळकरी, त्यामुळे मांस-अंडं कधीच नव्हतं. वजन उतरावं म्हणून मी दूध, तेल आणि भातही सोडला. वजन उतरलं, पण दुसऱ्या फेरीत मांड्या जड व्हायला लागल्या. सराव वाढवला तशी वेळ आणखी वाढत गेली. पायांच्या तळव्यांना मुंग्या यायच्या. त्या बुटांमुळे येतात, असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटी मी रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. माझं हिमोग्लोबिन 11.2 आलं. बारापेक्षा थोडंच कमी. एवढ्यावर लोहाच्या गोळ्या देऊन कुणालाही घरी पाठवतात. मॅडमनी मात्र रिपोर्टाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाह्य वं पोरी. पेशींचा सरासरी आकार 88, म्हणजे ठीक. पण आकारातला फरक 18. तो साडेचौदाच्या आत पाहिजे. तुह्या रक्तात लहान पेशी बी आहेत न मोठ्या बी. सरासरी काढली की दोघी एकमेकीले झाकतात."

मग त्यांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून मला पाहायला लावलं. लोह कमी पडलं की पेशी बारीक आणि फिकट होतात. बी-12 कमी पडलं की त्या फुगतात. मला दोन्ही कमी पडत होतं, म्हणून सरासरी निर्दोष दिसत होती. माझं सगळं देणं या एका निरीक्षणाचं आहे. नुसत्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर पुढचं कळलंच नसतं. सरकारी गोळीत लोहासोबत फॉलिक ॲसिड असतं. बी-12 च्या कमतरतेतलं रक्त ते बऱ्यापैकी सुधारतं, पण नसांची झीज थांबवत नाही. हिमोग्लोबिन वाढतं, मुंग्याही वाढतात, आणि रिपोर्ट चांगला म्हणून कुणी विचारत नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल असल्यामुळे मॅडमनी आधी ती चाचणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली. मग फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बाहेरून तपासला. तो 8 निघाला, धावणाऱ्या बाईला किमान तीस तरी हवा. बी-12 होतं 130, दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. ड जीवनसत्त्व होतं 11, ते वीसच्या वर हवं. ब्रह्मपुरीच्या उन्हात राहून ड कमी कसं, असं मी विचारलं. उत्तर सोपं होतं. आम्ही सूर्य वर यायच्या आत धावतो, दुपारी घरात बसतो आणि बाहेर पडलो तर तोंडाला ओढणी गुंडाळतो. कोवळ्या उन्हात त्वचेला ड बनवणारे किरण फारसे मिळतच नाहीत. मांड्यांचा जडपणा बराचसा त्यातूनच येत होता.

डॉक्टरांनी बी-12 ची इंजेक्शनं दिली आणि साठ हजार युनिटची ड ची पुडी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. लोहाची गोळी एक दिवसाआड ठेवली. रोज घेतली की आतडं दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषतं. मॅडमनी वर बजावलं, "जेवणासंगं चहा नको. वरणात लिंबू पिळ. न ते दूध-दही पहिले परत आण." दोन पेले दुधातून बी-12 ची रोजची गरज जवळपास भागते. तरोट्याच्या भाजीत लोह भरपूर असलं तरी त्यातलं थोडंच अंगी लागतं, आणि बी-12 तर कोणत्याच भाजीत नसतं. हे ऐकून आईला वाईट वाटलं, कारण तिनं रानभाज्या मायेनं रांधल्या होत्या.

महिन्यात हिमोग्लोबिन बाराच्या पुढे गेलं, तेव्हा मी गोळ्या सोडायच्या बेतात होते. मॅडमनी अडवलं. रक्त भरतं आधी, साठा भरतो नंतर. म्हणून पुढे तीन महिने गोळी चालूच राहिली. फेरिटिन तिशीच्या पुढे गेल्यावर दुसरी फेरी पहिल्यासारखी पळता आली. मुंग्या सगळ्यात शेवटी गेल्या.

मैदानावरच्या मुलींना हे कळलं तेव्हा काहींनी स्वतःच मेडिकलमधून ड च्या पुड्या आणल्या. मॅडम त्यांच्यावर रागावल्या. साठा भरलेला असेल तर वरून घेतल्यानं वेग वाढत नाही आणि ड जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग त्याच संध्याकाळी त्या मैदानावर आल्या आणि एकेकीला विचारत गेल्या: दूध सोडलंय का, पाळी किती दिवस चालते, जिना चढताना मांड्या धरतात का, तळव्यांना मुंग्या येतात का. ज्या 'हो' म्हणाल्या त्यांना सकाळी दवाखान्यात यायला सांगितलं. आता हे प्रश्न मी विचारते, आणि रिपोर्ट हाती आला की आधी खालची ओळ पाहते.