पाच गोल कुठे गेले?

मोतीबिंदू काढल्यापासून आकडे मला लख्ख दिसतात, आणि त्यामुळे माझ्या कामात बिघाड झाला आहे. डोळा अंधूक होता तेव्हा ३ आहे की ८, १ आहे की ७, असा संशय प्रत्येक घराशी यायचा. मग तो आकडा शेजारच्या आकड्यांकडून वदवून घ्यावा लागे. आता दिसतं त्यावर विश्वास बसतो. गुणतालिका तपासणाऱ्याला याहून वाईट खोड नाही.

पुण्यात वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात रात्रपाळी केली, मग अवसरी खुर्दला परत आलो. आमच्या भागात बैलगाड्यांचा घाट आणि कबड्डीचं मैदान यांच्यापुढे फुटबॉलला कोण विचारतो? गाडा किती सेकंदांत आला यावर निकाल लागतो, गोलफरकाची भानगडच नाही. पण गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आल्यापासून गावोगावची मुलं इथे राहतात, संध्याकाळी चेंडू लाथाडतात, आपसांत साखळी स्पर्धा लावतात. तिथली एक मुलगी त्यांची तालिका सांभाळते. कुणीतरी तिला माझ्याकडे धाडलं आणि तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी अडकून पडलं आहे.

तिची परीक्षा घ्यावी म्हणून मी इंडियन सुपर लीगच्या २०१४ सालच्या पहिल्या हंगामाची साखळीतली अंतिम तालिका काढली. आठ संघ, प्रत्येकाचे १४ सामने, एकूण ५६. ही तालिका मला आवडते, कारण ती सगळ्या बाजूंनी चोख बसते. सगळ्यांचे विजय मिळून ३६, पराभवही ३६. बरोबऱ्यांच्या रकान्याची बेरीज ४०, म्हणजे बरोबरीत सुटलेले सामने २०. निकाली सामना ३ गुण वाटतो, बरोबरीचा दोनच. त्यामुळे एकूण सामन्यांची तिप्पट करायची आणि त्यातून बरोबरीचे सामने वजा करायचे : १६८ वजा २०, म्हणजे १४८. गुणांचा रकाना बेरजेला घेतला की नेमके १४८ येतात. हा हिशेब मी डेस्कवर वर्षानुवर्षं कुणाला सांगितला नाही. शिकाऊ पोरांसमोर तालिकेकडे नुसतं बघायचं, ओठ हलवायचे आणि म्हणायचं, ‘गुणांत दोनाचा घोळ आहे.’ पोरं चाट पडत. ती चाट पडलेली तोंडं मला पगारापेक्षा प्रिय होती. या मुलीने हा हिशेब माझ्या अंगणात बसून स्वतःच काढला, तोही चहा निवायच्या आत. मला आनंद झाला असं मी तिला म्हणालो.

आता परीक्षेचं सांगतो. एफसी पुणे सिटीची ओळ अशी आहे : १४ सामने, ४ विजय, ४ बरोबऱ्या, ६ पराभव, केलेले गोल १२, खाल्लेले १७, गोलफरक उणे ५, गुण १६. मी १७ चे १२ केले, बाकी काहीच बदललं नाही. माझ्या मते सोपा प्रश्न होता. १२ मधून १२ गेले तर उणे ५ कसे उरतील? ओळ आपल्याच तोंडाने बोलते. शिवाय केलेल्या गोलांची बेरीज १२१ आणि खाल्लेल्यांची ११६. एकाने केलेला गोल दुसऱ्याने खाल्लेला असतोच, म्हणून हे दोन आकडे सारखे हवेत. गोलफरकाच्या रकान्याची बेरीज मात्र शून्य, म्हणजे उणे ५ वर आळ येत नाही. ओळ पुण्याकडे बोट दाखवते, उभा रकाना खाल्लेल्या गोलांकडे. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात ते घर चोराचं, आणि तिथे १७ असायला हवे हेही ताळाच सांगतो. कागदावर दोन मिनिटांचं काम.

तिने तालिका संगणकावर भरली. तिच्या पानात गोलफरकाचा रकाना भरावाच लागत नाही, सूत्र लावलेलं असतं :

```
=F7-G7
```

पुण्याच्या ओळीत १२ आणि १२ पडले, आणि गोलफरकाच्या घरात निमूटपणे शून्य उभं राहिलं. उणे ५ गेले. ओळ आता निर्मळ दिसते. तिच्या पानाने खाली लाल रंगात एवढंच दाखवलं की केलेले १२१, खाल्लेले ११६, आणि गोलफरकाची बेरीज ५. हे शेवटचं पाच म्हणजे पहिल्याच दोन आकड्यांची वजाबाकी, नवी साक्ष नव्हे. चूक आहे आणि ती पाचाची आहे, इतकं कळलं. कुणाची, ते नाही.

मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतो आहे ती जागा हीच. चूक आहे हे कळणं सोपं असतं, ती कुठे आहे हे कळायला एकमेकांना न विचारता लिहिलेले दोन आकडे लागतात. जुन्या हाती तालिकेत गोलफरक प्रत्येक सामन्यानंतर वेगळा वाढवत-घटवत नेलेला असे. तो चुकायचा, पण स्वतःच्या बुद्धीने चुकायचा, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य होती. सूत्राने आलेला रकाना जे दिलं तेच हलक्या आवाजात परत म्हणतो. अशी तालिका स्वतःशी कधी भांडत नाही, म्हणून लोकांना ती बरोबर वाटते.

तिने मग हातघाईवर येऊन शोध सुरू केला. खाल्लेल्या गोलांच्या आठ घरांपैकी कोणतंही पाचाने कमी असेल, किंवा केलेल्या गोलांपैकी एखादं पाचाने जास्त. सोळा घरं संशयित. गुणांची मदत नाही, कारण ५-० ने हरा की १-० ने, गुण शून्यच. झालेल्या सामन्यांचीही नाही. ४ विजय, ६ पराभव आणि गोलफरक शून्य हे थोडं विचित्र दिसतं, पण चार मोठे विजय आणि सहा निसटते पराभव असले की जमतं. विचित्र म्हणून कुणाला फाशी देता येत नाही.

शेवटी तिने सामन्यांचे निकाल उघडले आणि पाच गोलांचा सामना शोधला. तो सापडला : १८ ऑक्टोबर २०१४, मुंबई सिटीने पुण्याला ५-० ने धुतलं होतं. ‘काका, हा सामना मुंबईच्या खात्यात लिहिला आणि पुण्याच्या खात्यात राहून गेला!’ असं म्हणून तिने पुण्याचे १२ खोडून १७ केले. सगळं जुळलं. ती विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिली.

उत्तर बरोबर होतं आणि कारण साफ खोटं होतं. मी ७ चा २ केला तेव्हा तो सामना माझ्या ध्यानीमनी नव्हता. पाच आणि पाच हा निव्वळ योगायोग. मी १७ चे १४ केले असते तर तिने तीन गोल खाल्लेला पहिला भेटेल तो संघ पकडला असता, आणि मुंबई सिटी तर आपल्या पहिल्याच सामन्यात कोलकात्याकडून ०-३ ने हरलेली. मग मुंबईच्या खात्यावर तीन गोल चढले असते, बेरजा जुळल्या असत्या, लाल रंग गेला असता, आणि एकाऐवजी दोन घरं चुकीची झाली असती. अशी ‘जुळवलेली’ तालिका मला सगळ्यात भयंकर वाटते, कारण ती पुन्हा कुणी तपासत नाही.

‘पण उत्तर आलं ना, काका?’ तिचा एकच हेका.

मी तिला पुण्याचे चौदाही सामने एकेक करून मांडायला लावले, खाल्लेले गोल मोजायला लावले. सतरा भरले. तेव्हा कुठे ते घर सिद्ध झालं. पाचाचा सामना म्हणजे सुगावा, आणि सुगाव्यावर आकडा बदलायचा नसतो. तिला हे पटलं की ती दमली, ते कळलं नाही.

गोलांपेक्षा विजय-बरोबरी-पराभवाची तीन घरं अधिक लबाड असतात. १४ सामने आणि १६ गुण हे पुण्याचे आकडे पाच प्रकारे बसतात : ५-१-८, ४-४-६, ३-७-४, २-१०-२ आणि १-१३-०. एक विजय आणि दोन पराभव काढून तीन बरोबऱ्या घातल्या की ना सामने बदलतात ना गुण. ओळीला तुम्ही कितीही विचारा, ती खरंच सांगते आहे असं वाटेल. इथे फक्त उभी बेरीज कामाला येते : पुण्याच्या ओळीत ३-७-४ पडलं तर बरोबऱ्या ४३ होतात, आणि विषम बरोबऱ्या कोणत्याही तालिकेत असू शकत नाहीत, कारण एका बरोबरीला दोन संघ लागतात. पण हीच चूक आणखी एका संघाच्या ओळीत उलट दिशेने झाली की रकानेही गप्प. आणि एखादा सामना दोन्ही खात्यांत लिहायचा राहिला, तर तालिका आतून निर्दोष असते, फक्त एका सामन्याने मागे असते. तिथे कार्यक्रमपत्रिका समोर लागते, दुसरा इलाज नाही.

उलट बाजूही आहे. न बसणारी ओळ दर वेळी चुकलेली नसते. इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या तालिकेत एव्हर्टनचे १३ विजय, ९ बरोबऱ्या, म्हणजे ४८ गुण व्हायला हवेत, पण छापलेले ४०. आर्थिक नियम मोडल्याबद्दल आठ गुण कापले होते. तालिकेखाली बारीक टीप असते, आणि पान लावणारा जागा कमी पडली की पहिली तीच उडवतो. प्रो कबड्डीत तर बरीच वर्षं विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी १ असा हिशेब होता. तिथे माझी तिप्पट-वजा युक्ती आपटते, आणि त्या काळात कबड्डीची तालिका कुणी तपासायला दिली की मी चष्मा सापडत नाही असं सांगत असे.

पूर्वी पुण्यातल्या दोन वर्तमानपत्रांत एकाच स्पर्धेच्या दोन तालिका छापून यायच्या. दोन वार्ताहर मैदानावर बसलेले, दोघांच्या वह्या वेगळ्या. समोरच्या पत्रातल्या विभागप्रमुखाचा मला मनस्वी तिटकारा होता. आकड्यांत तो आळशी होता आणि भाषेत भडक. पण त्याची तालिका आमच्याहून वेगळी निघाली की सकाळी दोन्हीकडे वह्या उघडल्या जात. आता सगळेजण एकाच ठिकाणाहून आलेली तालिका चिकटवतात. दहा पत्रांत तोच आकडा दिसला म्हणजे दहा साक्षीदार झाले असं वाचकाला वाटतं. साक्षीदार एकच, बाकीचे त्याचे प्रतिध्वनी.

मुलीशी माझी बोलणी अजून चालू आहेत. माझी मागणी एवढीच की गोलफरकाचं सूत्र काढावं आणि तो रकाना तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी, सामन्याच्या चिठ्ठ्यांवरून, हाताने भरावा. ती म्हणते, सूत्र राहू दे, शेजारी हाताचा रकाना ठेवू आणि फरक पडला की घर लाल होईल. यात तिचं बरोबर आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. अडलं आहे ते तो हाताचा रकाना भरायचा कुणी यावर. तिच्या खोलीतली मैत्रीण तयार आहे, पण ती तालिकेकडे बघून लिहिते. मी तिला वही आणून दिली आहे आणि तालिका दाखवायची नाही असं बजावलं आहे.